दोन पाकिटे आणि त्यांच्यावरची बारीक अक्षरे

«माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत आम्ही काढ्याच्या चूर्णाचे एक पाकीट घेतले. त्यावर ‘आयुर्वेदिक मेडिसिन’ आणि ‘एमएफजी. लायसन्स नं.’ असे छापले आहे. शिवाय साखळी पद्धतीने इम्युनिटी पावडर विकणाऱ्या चुलत नणंदेने तिचा एक डबा दिला. त्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर आहे, ‘हेल्थ सप्लिमेंट’ लिहिले आहे आणि खाली बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असेही आहे. डब्यासोबतच्या पत्रकात मात्र साखर, दमा आणि सांधेदुखी बरी होते असे म्हटले आहे. नणंद म्हणते, दोन्ही सरकारमान्य आहेत. सासूबाई दोन्ही रोज घेतात. अलीकडे संध्याकाळी त्यांचे पाय सुजतात. दोन्हीचे फोटो सोबत पाठवत आहे. यातले खरे औषध कोणते, आणि चालू ठेवावे का?»
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

पाय सुजण्याची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिली आहे, पण उत्तर तिच्यापासूनच सुरू करावे लागेल. हे वाचताच काढा थांबवा आणि रक्तदाबाची गोळी मात्र मुळीच थांबवू नका. दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब मोजून घ्या आणि रक्तातील पोटॅशियमची तपासणी करावी का, हे त्यांना विचारा. जाताना दोन्ही पाकिटे पिशवीत घालून न्या, कारण ‘काहीतरी आयुर्वेदिक घेतात’ एवढ्या माहितीवर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. सूज हृदयामुळे, मूत्रपिंडामुळे किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही येते, तेव्हा ती काढ्यामुळेच आली असे मी म्हणत नाही. तरीही तुमच्या फोटोतील घटकांच्या यादीत पाचव्या ओळीवर जेष्ठमध आहे आणि संशयाला तेवढे कारण पुरेसे आहे.

ही ओळ तुम्हाला वाचता आली ती त्या पाकिटावर ‘आयुर्वेदिक मेडिसिन’ लिहिले आहे म्हणून, आणि परवान्याच्या शब्दांचा पहिला उपयोग तोच आहे. आयुर्वेदिक औषध १९४० च्या औषधे व सौंदर्य प्रसाधने कायद्याखाली येते. या कायद्याच्या नियमांनुसार उत्पादकाला प्रत्येक घटकाचे नाव आणि त्याचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. त्यासोबत परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि कारखान्याचा पत्ता द्यावा लागतो. बचनाग, कुचला किंवा पारा यांसारखे शास्त्रात विषारी गणलेले द्रव्य असेल, तर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचनाही इंग्रजी आणि हिंदीत छापावी लागते. तुमच्या पाकिटावर अशी सूचना नाही आणि यादीतही तसे द्रव्य दिसत नाही, म्हणजे त्या बाबतीत मेळ बसतो.

आता यादी पाहू. दर ३ ग्रॅम चूर्णात तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी, जेष्ठमध ६०० मिलिग्रॅम आणि अडुळसा, असे छापले आहे. जेष्ठमधाच्या मुळात ग्लिसिरायझिन नावाचे द्रव्य असते आणि मुळाची गोडीही त्यामुळेच असते. आपल्या शरीरातील कॉर्टिसॉल या संप्रेरकाला मूत्रपिंडातील एक विकर निष्प्रभ करत असते. ग्लिसिरायझिन या विकराला अडवते. मग कॉर्टिसॉल मूत्रपिंडावर भलतेच काम करू लागते, म्हणजे मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवते आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवते. परिणामी रक्तदाब वाढतो, घोट्यावर सूज येते, पायांत गोळे येतात, थकवा जाणवतो आणि कधी छातीत धडधडते. सासूबाईंच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ अशी अक्षरे आहेत का, तेही पाहा. अशा गोळीत बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथालिडोन हे लघवी वाढवणारे औषध असते आणि तेही पोटॅशियम कमी करते, म्हणून दोन्ही एकत्र आले की घट अधिक होते.

‘किती घेतले म्हणजे जास्त?’ या प्रश्नाचा हिशेब तुमच्याच पाकिटावरून करता येतो. युरोपातील तज्ज्ञ समितीने नेहमीच्या सेवनासाठी ग्लिसिरायझिनची दिवसाला १०० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे, आणि रक्तदाबाच्या रुग्णाने त्याहूनही खाली राहावे असे मला वाटते. मुळातले त्याचे प्रमाण पिकागणिक बदलते. हिशेबापुरते ते पाच टक्के धरू. पाकिटावर दिवसातून दोनदा ३ ग्रॅम असे लिहिले आहे, म्हणजे दिवसाला १.२ ग्रॅम जेष्ठमध आणि त्यात सुमारे ६० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन. कागदावर हे मर्यादेत बसते. पण घरात काढा तराजूवर मोजून कोण करतो? पोह्यांचा चमचा शिगोशीग भरला की ३ ग्रॅमचे ६ ग्रॅम सहज होतात आणि तेवढ्यानेच ६० चे १२० होतात. त्यात खोकल्यासाठी संध्याकाळी तिसरा कप झाला आणि दिवसभर जेष्ठमधाची काडी चघळली, तर बेरीज किती झाली याचा पत्ताही लागत नाही. हे सगळे आठवड्यांत साचत जाते आणि जेष्ठमध बंद केल्यावरही शरीर पूर्ववत व्हायला आठवडे लागू शकतात. म्हणूनच, काढा बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी सूज तशीच दिसली म्हणून काढा निर्दोष ठरवू नका.

औषधाचा परवाना असलेल्या वस्तूचीही ही गत असेल, तर परवान्याचा अर्थ काय, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. आयुर्वेदिक औषध बनवण्याचा परवाना ‘फॉर्म २५-डी’ मध्ये मिळतो आणि तो देणारे खाते आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासन आहे. कारखान्याची जागा, यंत्रे, तांत्रिक माणसे आणि कच्च्या मालाची तपासणी ‘शेड्यूल टी’ मधील उत्पादन पद्धतीप्रमाणे आहे की नाही हे पाहिले जाते आणि औषधांना एकेक करून मंजुरी दिली जाते. औषधांचेही दोन प्रकार आहेत. सितोपलादी चूर्णासारखे एखाद्या प्रमाणग्रंथातील पाठाप्रमाणे जसेच्या तसे केलेले औषध शास्त्रोक्त समजले जाते आणि त्याच्या वेष्टनावर बहुतेकदा ग्रंथाचा संदर्भ असतो. शास्त्रातील घटक घेऊन कारखान्याने स्वतः जुळवलेले मिश्रण ‘प्रोप्रायटरी’ औषध ठरते. तुमचा काढा दुसऱ्या प्रकारचा आहे. अशा औषधासाठी सुरक्षिततेचे आणि परिणामाचे काही पुरावे मागण्याची तरतूद २०१० पासून नियमांत आहे, पण घटक ग्रंथांतील असले की बरेचदा ग्रंथांतील वा प्रकाशित साहित्यातील आधारावर काम भागते. थोडक्यात, ‘एमएफजी. लायसन्स नं.’ ही ओळ एवढेच सांगते की ही वस्तू औषध म्हणून, अमुक घटकांसह, अमुक कारखान्यात बनवायला परवानगी दिली आहे आणि तिची जबाबदारी तिथल्या माणसावर आहे. ती तुमच्या सासूबाईंना चालेल असे तिचे म्हणणे नाही. रक्तदाबाच्या रुग्णाला जेष्ठमध द्यायचे की नाही, हे कोणीतरी वैद्यानेच ठरवायचे असते, आणि यात्रेतल्या स्टॉलवर वैद्य बसलेला नसतो.

आता डब्याकडे वळू. त्याच्या मागच्या बाजूला पोषणमूल्यांचा तक्ता, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि १४ आकडी नंबर आहे. तिन्ही अन्नाची लक्षणे आहेत. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा असून त्याच्या बाविसाव्या कलमात न्यूट्रास्युटिकल आणि हेल्थ सप्लिमेंट या वस्तूंची सोय केली आहे. त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे की त्यांत औषधे येत नाहीत, आयुर्वेदिक औषधेही नाहीत, आणि विशिष्ट रोग बरा करण्याचा दावा करणारी वस्तूही बसत नाही. या वस्तूंचे नियम २०१६ साली आले. त्यांनुसार ‘हेल्थ सप्लिमेंट’ हे शब्द, दिवसाला किती घ्यावे, त्याहून जास्त घेऊ नये, हे सकस आणि विविध आहाराला पर्याय नाही, लहान मुलांपासून दूर ठेवावे, आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, अशी वाक्ये वेष्टनावर छापावी लागतात. ही शेवटची ओळ ठळक असावी अशी अपेक्षा आहे. तुमच्या डब्यावर ती पत्त्याच्या खाली, घडीच्या रेघेवर छापली आहे.

त्या ओळीकडे मी तुमचे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण विकणारा तोंडाने जे सांगतो ते हीच ओळ खोडून काढते. डब्यात औषध नसल्याचे उत्पादकाने स्वतः छापून दिले आहे, आणि डब्याबरोबर हातात ठेवलेले पत्रक मात्र साखर, दमा आणि सांधेदुखी बरी होते असे म्हणते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. पत्रक वेगळे छापलेले आहे, त्यावर कारखान्याचे नाव नाही आणि ते डब्यात न घालता हातोहात दिले गेले आहे. हा योगायोग मला वाटत नाही, कारण असे पत्रक तपासणीच्या दिवशी टेबलाच्या खणात ठेवता येते.

नंबरही वाचता येतो. एफएसएसएआयच्या १४ आकड्यांपैकी पहिला आकडा १ असेल तर तो परवाना, २ असेल तर लहान व्यवसायाची नुसती नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, आणि महाराष्ट्रासाठी ते १५ असतात. केंद्रीय परवान्यात त्या जागी दोन शून्ये येतात. त्यानंतरचे दोन आकडे वर्षाचे असतात. तुमच्या फोटोतील नंबर २१५२३ पासून सुरू होतो, म्हणजे ती महाराष्ट्रातली २०२३ सालची नोंदणी आहे. अशी नोंदणी घरगुती चटण्या-पापड करणाऱ्या बाईंना किंवा चौकातल्या वडापावच्या गाडीला मिळते आणि त्यात कमीपणाचे काहीच नाही. पण हेल्थ सप्लिमेंट बनवणाऱ्या कारखान्याला, उलाढाल कितीही लहान असो, केंद्रीय परवाना घ्यावा लागतो, म्हणजे त्याचा नंबर १०० पासून सुरू व्हायला हवा. तेव्हा हा नंबर फक्त विक्रेत्याचा असेल आणि बनवणाऱ्याचा नंबर छापलेलाच नसेल, किंवा बनवणाऱ्याकडे या वस्तूसाठीचा परवाना नसेल. दोन्हींपैकी काय खरे, हे घरबसल्या बऱ्यापैकी कळते. foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर परवानाधारक शोधण्याची सोय आहे. तिथे नंबर टाकला की व्यवसायाचे नाव, पत्ता आणि व्यवसायाचा प्रकार दिसतो. प्रकारापुढे ‘रिटेलर’ किंवा ‘डिस्ट्रिब्युटर’ आले, तर त्या माणसाने पावडर बनवलेली नाही, ती फक्त विकली आहे. नाव डब्यावरच्या नावाशी जुळत नसेल, तर पुढचे काही पाहण्याची गरजच नाही.

तसेच, ‘एफएसएसएआय अप्रूव्हड’ असा शब्दप्रयोग जाहिरातीत दिसला तर सावध व्हा. परवाना व्यवसायाला मिळतो. पावडरीत गुण आहे, असे प्रमाणपत्र त्या नंबरामागे नसते. सप्लिमेंटमध्ये परवानगी असलेल्या वनस्पती ठरलेल्या मात्रेत घातल्या, तर उत्पादकाला त्या मिश्रणाचा परिणाम सिद्ध करून दाखवावा लागत नाही. तुमची नणंद ‘सरकारमान्य’ म्हणते तेव्हा बहुधा तिला हाच फरक कोणी सांगितलेला नसतो, आणि विकणाऱ्यांच्या बैठकीत तो सांगतही नाहीत.

हा फरक मी एका कारखान्यात जवळून पाहिला आहे. आयुर्वेदिक औषधांच्या एका कारखान्यात मी काही वर्षे तांत्रिक देखरेखीचे काम केले. तिथे एकाच पिंपातले चूर्ण दोन वेगवेगळ्या डब्यांत भरले जात असे. एका डब्यावर औषधाचा परवाना असे आणि तो वैद्यांकडे जाई, दुसऱ्यावर हेल्थ सप्लिमेंट लिहिलेले असे आणि तो किराणा दुकानांत जाई. मी विचारले तेव्हा मालक म्हणाले, औषधाचा पाठ बदलायचा तर पुन्हा खात्याकडे जावे लागते, सप्लिमेंटचे लेबल बदलायचे तर छापखान्यात जावे लागते. आतले चूर्ण एकच होते. एकात मी काय आणि किती घातले याचा जाब विचारता येत होता, दुसऱ्यात तो प्रश्न सौम्य होई. म्हणून एका वस्तूवर औषधाचा परवाना आणि एफएसएसएआयचा नंबर दोन्ही दिसले, तर ‘दुहेरी मान्यता’ म्हणून आनंदू नका. कायद्याने वस्तू औषध असते किंवा अन्न असते. दोन परवाने कारखान्याकडे असू शकतात, एका डब्याकडे नाहीत.

बाजारात आता तिसरा प्रकारही दिसतो. २०२२ च्या नियमांनंतर ‘आयुर्वेद आहार’ असे शब्द आणि त्याचे वेगळे चिन्ह काही पाकिटांवर येते. ग्रंथांतील पाककृतींप्रमाणे केलेल्या खाद्यपदार्थांसाठी ही सोय आहे आणि त्यावर केवळ आहारासाठी अशा अर्थाची सूचना असते. औषध तेही नाही. मधल्या मारुतीजवळच्या दुकानात असे पाकीट हाती आले, तर त्याला खाण्याची वस्तू समजूनच घ्या.

आता सासूबाईंना काढ्याची सवय आहे आणि ती एकदम सोडायची त्यांची तयारी नसेल, हेही मी धरून चालतो. २०२० च्या एप्रिलमध्ये आयुष मंत्रालयाने ‘आयुष क्वाथ’ या नावाने एक साधा पाठ सर्व राज्यांना कळवला होता. तुळस ४ भाग, दालचिनी २ भाग, सुंठ २ भाग आणि मिरी १ भाग. त्यात जेष्ठमध नाही. एका वेळची मात्रा ३ ग्रॅम, म्हणजे सुमारे १.३ ग्रॅम तुळस, दालचिनी व सुंठ प्रत्येकी पाऊण ग्रॅमच्या आत, आणि मिरी पाव ग्रॅमहून थोडी जास्त, ती १५० मिली उकळत्या पाण्यात घालून दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायची. हे सगळे तुमच्या स्वयंपाकघरात आहे आणि त्यासाठी कोणाचा डबा घ्यावा लागत नाही. पण आधी डॉक्टरांचा निकाल येऊ द्या, सूज ओसरू द्या, आणि मग त्यांना विचारूनच हा सुरू करा. ॲसिडिटीचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मिरी-सुंठीचा काढाही रोज घेण्याआधी विचारणे चांगले.

इम्युनिटी पावडर मी बंद करायला सांगेन. त्याचे कारण ती वाईट आहे असे नाही. बनवणारा कोण, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि डब्याबरोबर आलेले पत्रक बेकायदा दावा करते, एवढे पुरेसे आहे. डबा, उरलेली पावडर, पत्रक, पावती असेल तर ती आणि लेबलाच्या चारही बाजूंचे फोटो एका पिशवीत ठेवा. सोलापुरात अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय आहे. डब्याची तक्रार तिथल्या अन्न विभागाकडे आणि काढ्याची, दिली तर, औषध विभागाकडे द्यावी. तक्रारीत ‘आमची फसवणूक झाली’ असे न लिहिता, ‘वस्तूवर अमुक नंबर आहे, तो हेल्थ सप्लिमेंटच्या निर्मितीचा दिसत नाही, आणि सोबतचे पत्रक रोग बरे होतात असे म्हणते’ एवढेच लिहा. कार्यालयातल्या माणसाला त्यावर थेट काम करता येते. पत्रकाची मूळ प्रत तुमच्याजवळ ठेवा आणि झेरॉक्स जोडा.

नणंदेशी मात्र कायद्याची कलमे काढून बोलू नका. तिला डबा पुढे ठेवून एवढेच विचारा की ही पावडर बनवली कुठे, आणि बनवणाऱ्याचा १०० पासून सुरू होणारा नंबर तुझ्या वरच्या माणसाकडून मागून देशील का. तिने नंबर आणून दिला, तर संकेतस्थळावर दोघी मिळून पाहा. तो आला नाही, तर तिच्या पुढच्या महिन्याच्या मागणीचा निर्णय तिला स्वतःलाच घ्यावा लागेल.